अठरा हजार रुपयांत काय झालं: एका आभारपत्राचं पुनर्लेखन

ज्या छोट्या संस्थेच्या आभारपत्राविषयी हे लिहितो आहे, ती बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात काम करते. दिवाळी झाली की या भागातली बरीच घरं बंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही गावात आजी-आजोबांपाशी राहतात. गावात राहिलेल्या मुलाला दुपारचं जेवण शाळेत पोषण आहारातून मिळतं. अडचण संध्याकाळची असते. म्हाताऱ्या आजीला तीन-चार नातवंडांच्या भाकरी थापणं झेपत नाही. मग फोन जातो, आणि एखाद्या रविवारी बाप येऊन मुलांना फडावर घेऊन जातो.

ही संस्था संध्याकाळचं जेवण देते आणि त्यानंतर दीड तास अभ्यास घेते. सचिव निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, गाव त्यांना सर म्हणतं. हिशेब एक ताई पाहतात, त्याच अभ्यासही घेतात. स्वयंपाकाला गावातल्या दोन बायका आहेत. मी छोट्या संस्थांना हिशेब आणि अहवालाच्या कामात मदत करतो, त्या निमित्ताने इथलं आभारपत्र माझ्यासमोर आलं. संस्थेचं आणि देणगीदारांचं नाव इथे देत नाही. पत्र कसं बदललं आणि ते बदलताना काय काय शोधावं लागलं, एवढंच सांगतो.

देणगी होती १८,००० रुपयांची. ठाण्यातल्या एका निवृत्त बँक कर्मचारी बाईंनी वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने २४ नोव्हेंबर २०२३ रोजी ती संस्थेच्या खात्यात जमा केली. अमुकच कामाला वापरा अशी अट त्यांनी घातली नव्हती. ३ डिसेंबरला त्यांना गेलेलं पत्र असं होतं:

«श्रीमती ………… यांस,
स. न. वि. वि.
आपल्यासारख्या दानशूर, संवेदनशील व समाजाभिमुख व्यक्तिमत्त्वाने आमच्या संस्थेस दिलेल्या भरघोस देणगीबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत. आजच्या स्वार्थी जगात आपल्यासारखी माणसे दुर्मीळ आहेत. आपल्या मदतीमुळे असंख्य गोरगरीब व वंचित बालकांच्या चेहऱ्यावर हास्य फुलले असून त्यांच्या अंधारमय जीवनात आशेचा किरण आला आहे. आपल्या या दातृत्वाने आपल्या दिवंगत वडिलांच्या आत्म्यास निश्चितच चिरशांती लाभली असेल. परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य व आरोग्य देवो. आपले सहकार्य असेच वृद्धिंगत होत राहो व यापुढेही फूल ना फुलाची पाकळी आमच्या झोळीत पडत राहो, ही नम्र विनंती. सोबत पावती जोडली आहे.
कळावे,
आपला नम्र,
अध्यक्ष»

या पत्रातली संस्थेची आणि बाईंची नावं झाकून ते वाचलं तर ते गोशाळेचं असू शकतं, नेत्र रुग्णालयाचं असू शकतं, अनाथाश्रमाचंही असू शकतं. ऊस, फड, भाकरी, अभ्यास यांतलं काहीही त्यात नाही. काम सांगणारं एकच वाक्य आहे, आणि तेही ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी खरं असणं शक्य नव्हतं. स्वयंपाकघर २० नोव्हेंबरला सुरू झालं होतं. दोन आठवड्यांत कुणाच्या जीवनात काय आलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. «असंख्य» मुलांचा पट बावन्नचा होता.

वडिलांच्या आत्म्याविषयीचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच होता. पण वर्ष सरताना वडिलांच्या नावाने पैसे देणाऱ्या मुलीला तिच्या वडिलांच्या आत्म्याची खात्री एका अनोळखी संस्थेने द्यावी, हे बरोबर नाही. तिने ती मागितलेली नव्हती. तिला हवं असेल तर एवढंच, की ज्यांच्या नावाने पैसे दिले त्यांचं नाव कुठेतरी नीट लिहिलं गेलं.

सरांना विचारलं की असं पत्र का लिहिता, तर त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. देणाऱ्याचा मान राखायचा असतो, आणि मान राखायची त्यांना माहीत असलेली रीत हीच. दुसरं असं, की पत्र लिहायला बसताना त्यांच्या हातात दुसरं काही नसायचं. पावती पुस्तकात रक्कम आणि नाव. मुलांची हजेरी ताईंच्या वहीत, किराण्याचा हिशेब दुकानदाराच्या वहीत, आणि बाकी सगळं सरांच्या डोक्यात. या तिन्ही गोष्टी एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या. माझ्या मते बहुतेक छोट्या संस्थांच्या पत्रांत विशेषणं येतात ती याच कारणाने. लिहिणारा लबाड नसतो. माहिती नसलेली जागा त्याला भरायची असते. म्हणून हे पत्र सुधारायचं काम भाषेपासून सुरू झालं नाही, ते वह्यांपासून सुरू झालं.

एप्रिल संपता संपता आम्ही बसलो तेव्हा हंगाम पुरा झाला होता. टेबलावर रोजकीर्द, हजेरी वही आणि दुकानदाराचं खातं होतं. स्वयंपाकघर २० नोव्हेंबरपासून ८ एप्रिलपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवारसह रोज चाललं होतं. १४१ संध्याकाळी झाल्या. हजेरी वहीत रोज जेवलेल्या मुलांची संख्या होती, तिची बेरीज ६,४८० ताटं आली. खर्चाच्या बाजूला किराणा, भाजी, तेल, दूध, दोघींचं मानधन आणि गॅस धरून २,३३,२८० रुपये. म्हणजे एका ताटाला ३६ रुपये.

इथे एक गोष्ट जपावी लागते. ताईंनी आधी फक्त किराणा धरला होता, त्याने ताट पंचवीस रुपयांना पडत होतं. पत्रात तो आकडा जास्त शोभतो, कारण तेवढ्याच देणगीत जास्त ताटं दिसतात. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला पगार दिल्याशिवाय आणि सिलिंडर आणल्याशिवाय ताट वाढलं जात नाही. मानधन वगळून काढलेला भाव म्हणजे त्या दोघींचं काम फुकट धरणं. आम्ही ३६ रुपयेच धरले. अभ्यास घेण्याचा खर्च आणि कार्यालयाचा थोडा खर्च यांत नाही, तो वेगळ्या पैशांतून होतो. पत्रात म्हणूनच जेवणाचाच खर्च म्हटलं आहे, संस्थेचा खर्च म्हटलेलं नाही.

आता १८,००० भागिले ३६ म्हणजे ५०० ताटं. ताईंनी लगेच पहिला मसुदा लिहिला: «आपल्या देणगीमुळे ५०० ताटे शिजली आणि ४४ मुले शाळेत टिकली.» विशेषणं गेली होती, आकडे आले होते, वाक्य ठसठशीत होतं. तरीही ते पाठवण्याजोगं नव्हतं.

अडचण दुसऱ्या अर्ध्या भागात होती. हंगामाअखेर पटावर राहिलेली मुलं ४४, हे खरं. पण त्या वर्षी वैयक्तिक देणगीदार ३१ होते. तेच वाक्य एकतीस पत्रांत गेलं असतं, तर संस्थेने एकतीस वेळा चव्वेचाळीस मुलं टिकवली असती, तेही ज्या गावच्या शाळेत इतकी मुलंच नाहीत. दोन देणगीदार एकमेकांना ओळखत असतील आणि त्यांनी पत्रं शेजारी ठेवली, तर पहिल्यांदा हेच दिसेल. म्हणून मी ताईंना एक तपासणी सांगितली: सगळी पत्रं टेबलावर मांडायची आणि प्रत्येक पत्रात त्या देणगीच्या नावावर जे काम लिहिलं आहे त्याची बेरीज करायची. ती बेरीज संस्थेने प्रत्यक्ष केलेल्या कामाहून मोठी होता कामा नये. ५०० ताटं या तपासणीत टिकतात, कारण ३६ रुपयांनी भागून प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ताटं एकूण ताटांच्या आतच राहतात. ४४ मुलं टिकत नाहीत.

पण ५०० ताटांवरही माझं समाधान होत नव्हतं. ताट हा खर्चाचा हिशेब झाला. या बाईंचे अठरा हजार आलेच नसते तर काय झालं नसतं, हा खरा प्रश्न होता. नोव्हेंबरपासूनची सगळीच ताटं या देणगीवर अवलंबून नव्हती, कारण संस्थेला एका मोठ्या न्यासाकडून अनुदानही मिळतं. मग वैयक्तिक देणग्यांनी नेमकं काय साधलं?

उत्तर गेल्या वर्षीच्या रोजकीर्दीत मिळालं. मी सहज पानं उलटत होतो तर किराण्याच्या नोंदी २८ फेब्रुवारी २०२३ ला थांबलेल्या दिसल्या. पुढे मार्चमध्ये काहीच नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, «अनुदान फेब्रुवारीपर्यंतचंच असतं. त्या वर्षी पुढचे पैसे जमले नाहीत, बंद केलं.» आणि मग, जणू फार महत्त्वाचं नसावं अशा आवाजात, त्यांनी पुढचं सांगितलं. स्वयंपाकघर बंद झाल्यावर पंधरा दिवसांत सतरा मुलं फडावर गेली होती. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते. त्या सतरा जणांनी ती दिली नाही.

२०२४ मध्ये अनुदान तसंच फेब्रुवारीअखेर संपलं, पण स्वयंपाकघर चालू राहिलं. १ मार्च ते ८ एप्रिल या ३९ संध्याकाळींत १,७१६ ताटं झाली, रोजची सरासरी ४४. त्यांचा खर्च साधारण ६२,००० रुपये, आणि तो पूर्ण एकतीस जणांच्या देणग्यांतून झाला. या काळात मुलं गेली ती चार.

सरांना हे सगळं माहीत होतं, मागच्या वर्षीचं तर वर्षभर माहीत होतं. ते एकाही पत्रात आलं नव्हतं.

आता वाटा काढणं सोपं झालं. मार्चमधल्या एका संध्याकाळचा खर्च ४४ ताटं गुणिले ३६ रुपये, म्हणजे १,५८४ रुपये. अठरा हजारांत अशा अकरा संध्याकाळी बसतात, थोडे पैसे उरतात. पाचशे ताटांपेक्षा अकरा संध्याकाळी वाचणाऱ्याला लवकर कळतात, आणि मुख्य म्हणजे त्या कुठल्या हे सांगता येतं. अनुदान संपल्यानंतरच्या, परीक्षेच्या आधीच्या.

सतरा आणि चार हे आकडे कसे लिहायचे यावर मात्र बराच वेळ गेला. ताईंना लिहायचं होतं की देणगीमुळे तेरा मुलं वाचली. सतरातून चार वजा केले की तेरा. ही वजाबाकी मला मान्य नव्हती. दोन वर्षांची मुलं तीच नाहीत. कारखान्यांचा हंगाम दरवर्षी एकाच तारखेला संपत नाही. आईबाप लवकर परतणार असतील तर मूल नेण्याचं कारणच उरत नाही. शिवाय यंदा शाळेतल्या एका बाईंनी स्वतः घरोघरी जाऊन आज्यांना समजावलं होतं, त्याचाही भाग असणार. जेवण चालू राहिल्याने किती मुलं थांबली हे आमच्या वह्यांवरून ठरत नाही. दोन वर्षांत काय झालं ते शेजारी शेजारी लिहिता येतं, आणि आपल्याला काय वाटतं ते «आम्हांला वाटते» असं म्हणून लिहिता येतं. पत्रात तेच केलं.

दुसरा गुंता वेळेचा होता. देणगी नोव्हेंबरमध्ये आली, तिचं काय झालं ते एप्रिलमध्ये कळलं. देणाऱ्याला पाच महिने ताटकळत ठेवता येत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये फळाची बातमी देता येत नाही. जुनं पत्र या दोन कामांची भेसळ करत होतं. म्हणून ती वेगळी केली. देणगी आल्यावर आठवड्याच्या आत जाणारं पत्र छोटं, आणि त्या दिवशी खरं असेल तेवढंच सांगणारं:

«आपले १८,००० रुपये २४ नोव्हेंबर रोजी संस्थेच्या खात्यात जमा झाले. पावती सोबत आहे. आपण सांगितल्याप्रमाणे पावतीवर व देणगी नोंदवहीत 'कै. ………… यांच्या स्मरणार्थ' अशी नोंद केली आहे. यंदाचे स्वयंपाकघर २० नोव्हेंबरला सुरू झाले असून ५२ मुलांची नावे नोंदली आहेत. ही रक्कम संध्याकाळच्या जेवणासाठी वापरू. हंगाम संपल्यावर, एप्रिलअखेर, तिचे काय झाले ते आपल्याला कळवू. आपले मनःपूर्वक आभार.»

शेवटून दुसरं वाक्य लिहिताना सर थांबले. «कळवू म्हटलं की कळवावं लागेल.» हो, आणि म्हणूनच ते वाक्य तिथे हवं. पुढच्या हंगामापासून हे पत्र जाऊ लागलं. या बाईंच्या बाबतीत पहिलं पत्र जुनंच गेलेलं होतं, त्यांना आम्ही थेट दुसरं पाठवलं:

«२९ एप्रिल २०२४
श्रीमती ………… यांस,
स. न. वि. वि.
गेल्या नोव्हेंबरात आपण आपल्या वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त संस्थेला १८,००० रुपये दिले होते. हंगाम संपला, म्हणून त्या रकमेचे काय झाले ते कळवत आहे.

आमच्या स्वयंपाकघराला मिळणारे अनुदान फेब्रुवारीअखेर संपते. ऊसतोडीला गेलेले पालक मात्र पाडव्यापर्यंत येत नाहीत, आणि वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते. मागच्या वर्षी पैसे नसल्यामुळे २८ फेब्रुवारीला जेवण बंद करावे लागले. त्यानंतर पंधरा दिवसांत १७ मुले आई-वडिलांकडे फडावर गेली. त्यांची परीक्षा राहिली.

यंदा स्वयंपाकघर ८ एप्रिलपर्यंत चालले. मार्चपासूनच्या ३९ संध्याकाळींचा जेवणाचा खर्च सुमारे ६२,००० रुपये झाला. तो आपण आणि आणखी तीस देणगीदारांनी मिळून उचलला. आपल्या रकमेत त्यांपैकी अकरा संध्याकाळींचा खर्च भागला. रोज साधारण ४४ मुले जेवत होती. भाकरी, भाजी किंवा पिठले, आणि आमटी-भात असे जेवण असे. बुधवारी अंडे किंवा केळे.

या दिवसांत चार मुले फडावर गेली. आमच्या माहितीप्रमाणे दोघींना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी बोलावून घेतले होते. जेवण चालू असूनही त्यांना आम्ही थांबवू शकलो नाही. उरलेल्या ४४ मुलांनी वार्षिक परीक्षा दिली. शाळेतील शिक्षिकाही यंदा घरोघरी जाऊन बोलल्या, त्यामुळे हे सर्व जेवणामुळेच झाले असे म्हणता येणार नाही. जेवण बंद झाले असते तर यांतली बरीच मुले गेली असती, असे मात्र आम्हांला वाटते.

डिसेंबरमध्ये आपल्याला आलेल्या पत्रात यातले काहीच नव्हते. आपल्या वडिलांचे नाव देणगी नोंदवहीत लिहिले आहे. खर्चाच्या वह्या कार्यालयात आहेत, केव्हाही पाहता येतील.

आपले आभार.
आपला,
सचिव»

पत्रात खरं म्हणजे एकच गोष्ट सांगितली आहे: फेब्रुवारीनंतरचे पैसे नव्हते, यंदा होते. बाकी सगळं तिच्या आधाराला आहे. भाकरी-पिठल्याचं वाक्य सरांना अनावश्यक वाटत होतं, मी आग्रहाने ठेवलं. «पौष्टिक आहार» असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. अंडं किंवा केळं म्हटलं की कळतं, आणि केळं का, तर काही घरांत अंडं चालत नाही, हेही न सांगता कळतं.

आधी हे पत्र अध्यक्षांच्या सहीने जात असे. अध्यक्ष बीडला राहतात, वर्षातून दोन-तीनदा येतात. रोज संध्याकाळी तिथे असणारा माणूस सचिव आहे, म्हणून सही त्यांची. अध्यक्षांनी हे सहज मान्य केलं.

सरांचा खरा विरोध चार मुलांच्या परिच्छेदाला होता. त्यांचं म्हणणं असं: आपण आभार मानतोय, तिथे आपलं अपयश कशाला? समोरच्याला वाटेल आपले पैसे वाया गेले. हा विरोध मी हलक्यात घेतला नाही, कारण ही भीती बहुतेक संस्थांत असते आणि तिला आधारही आहे. काही देणगीदारांना फक्त चांगलंच ऐकायचं असतं. पण ते चार काढले असते तर पत्रातले बाकीचे आकडे कुणी का मानावेत? ५२ मुलांनी सुरुवात झाली आणि ४४ राहिली, हे कुणीही पाहुणा एका दिवसात मोजू शकतो. शिवाय ती मुलं का गेली, हीच या कामातली सगळ्यांत कठीण गोष्ट आहे. जेवण दिलं तरी फडावर धाकट्या बाळाला सांभाळायला कुणी नसतं तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलीलाच बोलावलं जातं. देणगीदाराला हे कळायला हवं. ताई सरांना म्हणाल्या, «सर, मुलांना आपण उत्तर कच्चं असलं तरी खरं लिहा म्हणतो ना.» सरांनी परिच्छेद राहू दिला.

दुसरं म्हणणं होतं की पत्र कोरडं झालं, कौतुकाचा शब्दच नाही. मला ते कोरडं वाटत नाही. ज्याने पैसे दिले त्याला आपल्या कामातली खरी अडचण विश्वासाने सांगणं हाच मोठा मान आहे. जगात तुमच्यासारखी माणसं दुर्मीळ आहेत, हे ऐकून बाईंना काय मिळणार? शिवाय ते खोटं आहे. त्या वर्षी एकतीस जणांनी पैसे दिले, त्यांतले सहा जण त्याच गावचे, स्वतः कोयता घेऊन जाणारे होते.

या सहा जणांच्या पाचशे-पाचशेच्या देणग्यांचं पत्र कसं लिहायचं, हा पुढचा प्रश्न आला. ५०० रुपयांत जेमतेम चौदा ताटं होतात. वाट्याचं वाक्य तसंच ठेवलं तर «आपल्या रकमेत एका संध्याकाळचा एक तृतीयांश खर्च भागला» असं काहीतरी विचित्र तयार होतं, आणि देणाऱ्याला आपलं देणं लहान होतं एवढंच त्यातून ऐकू येतं. म्हणून एका पूर्ण संध्याकाळच्या खर्चाहून, म्हणजे साधारण सोळाशे रुपयांहून, कमी रकमेच्या पत्रांत वाट्याचं वाक्य काढून टाकलं. «तो आपण एकतीस जणांनी मिळून उचलला» इथेच ते थांबतं. ते तितकंच खरं आहे. एका शेतकऱ्याने दोन क्विंटल ज्वारी दिली होती, तिचे रुपये करत बसलो नाही. त्यांना कळवलं की ती ज्वारी जानेवारीत दळायला काढली आणि तिच्या भाकरी किती दिवस पुरल्या. दुकानदाराच्या खात्यात त्या दिवसांत ज्वारीची खरेदी नव्हती, त्यामुळे दिवस मोजता आले.

पत्रासोबत फोटो पाठवायचा का, यावर फार बोलणं झालं नाही. आधी एका ओळीत बसवलेल्या, हातात ताट घेतलेल्या मुलांचा फोटो जायचा. तो बंद केला. आई-वडील गावात नसताना त्यांच्या मुलांचे जेवतानाचे फोटो अनोळखी माणसांना पाठवायला त्यांची संमती कुणी घेतली होती? पत्रात कुणा मुलाचं नावही नाही. दोन मुली फडावर गेल्या एवढं पुरतं. गाव लहान आहे, इयत्ता लिहिली तरी कोण ते कळेल.

आयकराचा कागदही पत्रातून बाहेर काढला. त्या वेळी ८०जीची सवलत हवी असेल तर देणगीदाराला साध्या पावतीने भागत नव्हतं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये भरावं लागत होतं आणि त्यावरून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावं लागत होतं. आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मे ही त्याची मुदत. जुन्या पत्रात पावती जोडली की काम झालं असं गृहीत होतं. काही देणगीदारांचे पॅन क्रमांकच घेतलेले नव्हते, ते ताईंना मे महिन्यात फोन करून घ्यावे लागले. आता पॅन देणगीच्या वेळीच मागतात, आणि २,००० रुपयांवर रोख देणाऱ्याला सवलत मिळणार नाही हेही तेव्हाच सांगतात. प्रमाणपत्र स्वतंत्र जातं, सोबत दोन ओळींचं पत्र. एप्रिलच्या पत्राच्या तळाशी कराच्या सूचना आल्या की वर लिहिलेलं सगळं सवलतीसाठी होतं असं वाटू लागतं.

आणि मागणी. जुन्या पत्रात आभार आणि झोळी एकाच परिच्छेदात होती. सरांना निदान «पुढील हंगामासही आपले सहकार्य लाभावे» इतकं तरी हवं होतं. आम्ही ते सप्टेंबरवर ढकललं. उचल वाटायला सुरुवात होते त्या सुमाराला संस्थेला कळतं की यंदा किती घरं जाणार, किती मुलं मागे राहणार आणि फेब्रुवारीनंतरचे किती पैसे कमी पडणार. तेव्हा रक्कम सांगून मागता येतं. एप्रिलमध्ये मागायला संस्थेकडे आकडाच नसतो.

पत्रं गेल्यावर आठवड्याभराने ठाण्याच्या बाईंचा फोन आला. त्यांनी आभाराविषयी काही म्हटलं नाही. त्यांना विचारायचं होतं की ती चार मुलं कुठल्या कारखान्याच्या फडावर गेली आणि तिथे साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची शाळा, आहे का. ताईंना दोघींचं उत्तर देता आलं, उरलेल्या दोघांचं नाही. हजेरी वहीत त्यांच्या नावापुढे फक्त रेघ मारलेली होती. या हंगामापासून त्या वहीत दोन रकाने वाढले आहेत: मूल कुठे गेलं, आणि कशासाठी.